लवकर ये की लवकर या

अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी मुलाला 'तुम्ही' हा शब्द शिकवायला एक मिनिट पुरतं. पण 'तुम्ही' एकटं कुठे येतं? त्याच्यामागून विशेषण येतं, क्रियापद येतं, क्रियापदाची शेपटी येते आणि या सगळ्यांचे मानपान वेगळे.

आमचे चिरंजीव बारा वर्षांचे, मुक्काम न्यू जर्सी. नाशिकच्या आजोबांच्या पंच्याहत्तरीला त्यांनी कुणी न सांगता, देवनागरीत, मेसेज लिहिला. पाठवायच्या आधी मला दाखवला, हे नाशिककरांचं नशीब. मजकूर असा होता: 'आजोबा, हॅपी बर्थडे. तू कसा आहेस? तू औषध घेतलास का? लवकर ये.'

माया ओसंडत होती, पण आजोबा चाळीतल्या बंड्याएवढे झाले होते. मी म्हटलं, "आजोबांना 'तुम्ही' म्हणतात." "ओके," म्हणून त्याने दोन्ही 'तू' खोडले आणि दोन्हीकडे 'तुम्ही' बसवलं. आता वाक्य झालं, 'तुम्ही कसा आहेस?' हे पहिल्यापेक्षा वाईट. आधी आजोबा निदान एक अख्खा मुलगा तरी होते. आता वरून कोट आणि खाली हाफपँट.

'कसा'चं 'कसे' करावं लागतं आणि 'आहेस'चं 'आहात', हे त्याने मान्य केलं. आजोबा एकच असले तरी व्याकरणात ते अनेक आहेत, हेही त्याने गमतीने ऐकून घेतलं. खरी लढाई औषधावर झाली. 'जेवलास का', 'झोपलास का' हे तो रोज ऐकतो, म्हणून त्याच मापाने त्याने 'घेतलास' शिवलं होतं. पण भूतकाळात 'घेणे'सारखं सकर्मक क्रियापद घेणाऱ्याकडे बघत नाही, घेतलेल्या वस्तूकडे बघतं. औषध घेतलं, गोळी घेतली, गोळ्या घेतल्या, काढा घेतला. घेणारे पंच्याहत्तर वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ असोत, क्रियापद औषधापुढेच मान तुकवणार. आजोबांच्या वाट्याला उरतो तो शेवटी लोंबणारा एक 'त': 'तुम्ही औषध घेतलंत का?' गोळी असेल तर 'घेतलीत', गोळ्या असतील तर 'घेतल्यात', काढा असेल तर 'घेतलात'.

"म्हणजे औषध आजोबांपेक्षा मोठं?" चिरंजिवांनी विचारलं.

त्यांची रक्तदाबाची गोळी बघता हे अगदीच खोटं नव्हतं. शिवाय तो 'त'सुद्धा हल्ली भलेभले गाळतात. 'तुम्ही औषध घेतलं का?' असं खुद्द नाशकातही सर्रास म्हणतात आणि कुणाचा अपमान होत नाही, कारण 'तुम्ही' तिथे पहाऱ्याला उभं असतं. मात्र 'घेतलंस' म्हणालात की संपलं. एका 'स'ने पंच्याहत्तर वर्षं पुसली जातात.

मुलाचा यात काय दोष? मी नाशिकच्या घरात वाढलो, तिथे आई दिवसभर माझ्या आजोबांशी बोलायची: चहा घेता का, छत्री न्या, आलात का. कानावरून इतकं 'आलात-गेलात' गेलं की मला कुणी काही शिकवलंच नाही. इथे घरात माणसं तीन आणि तिघांत चालतं 'अरे', 'अगं' आणि 'तू'. मागच्या पिढीतलं 'अहो'ही विमानात बसलं नाही. या पोराने जन्मापासून ऐकलेल्या आज्ञा म्हणजे ये, बस, खा, झोप. 'या, बसा' त्याने ऐकलंय ते फक्त दारात, पाहुणे बूट काढत असताना. बुटांशी संबंधित काहीतरी असावं असं त्याला बरीच वर्षं वाटायचं. आणि वर्षातून एकदा मंडळाच्या गणेशोत्सवात तो गणपतीला 'लवकर या' असं घसा फोडून सांगतो. रविवारच्या मराठी शाळेत 'आदरार्थी बहुवचन' असा तक्ता आहे. मोरो केशव दामल्यांचं जाडजूड व्याकरण 1911 पासून आहेच. पण जे स्वयंपाकघरात ऐकू येत नाही ते तक्त्यावरून जिभेवर उतरायला वेळ लागतो.

त्यातून आमचे नियम सरळ असते तर गोष्ट वेगळी. आजोबा 'आले', पण आजी 'आली'. बाबा 'आले', आई 'आली'. काका 'आले', मामा 'आला'. माझ्या आईला मी 'तू' म्हणतो आणि तिलाच माझी बायको 'तुम्ही' म्हणते. मी 'आईने लाडू पाठवले' म्हणतो, ती 'आईंनी पाठवले' म्हणते. लाडू तेच, डबा तोच. एका अनुस्वारावरून कळतं कोण मुलगा आणि कोण सून.

चिरंजिवांनी मग इतिहास काढला. शाळेची सहल फिलाडेल्फियाला गेली होती, तिथे त्यांना क्वेकर पंथाची गोष्ट सांगितली होती. सतराव्या शतकात इंग्रजीतही लहानांना 'दाऊ' आणि मोठ्यांना आदराचं 'यू' असा प्रकार होता. सगळे समान, म्हणून क्वेकरांनी बड्याबड्यांनाही 'दाऊ'च म्हणायचं ठरवलं. "मग मीपण क्वेकर," तो म्हणाला. मी त्याला सांगितलं की त्यासाठी त्यांनी मारही खाल्ला, आणि शेवटी इंग्रजीने 'दाऊ'च टाकून दिलं. उरलं ते आदराचं 'यू'. त्यामुळे हिशेबाने बघितलं तर अमेरिकेत कुत्र्यालासुद्धा 'अहो, आपण' म्हणतात. हे ऐकून तो बराच वेळ शेजारच्या कुत्र्याला 'बसा, बसा' करत होता. कुत्रा बसला नाही.

पळवाटा आहेत, आणि परदेशातली मराठी पोरं त्या फार लवकर शोधतात. एक म्हणजे माणूसच वाक्यातून काढून टाकायचा: 'जेवण झालं का? तब्येत कशी आहे? पाऊस पडतोय का?' यात 'तू' नाही, 'तुम्ही' नाही, चूक होणं अशक्य. आठवडाभर असे मेसेज गेल्यावर आजोबांनी मला फोन करून विचारलं, "त्याचं काही बिनसलंय का? हवामान खात्यासारखा लिहितो." दुसरी पळवाट जास्त हुशारीची. आजी आणि आजोबा दोघांना मिळून एकच मेसेज लिहायचा: 'आजी-आजोबा, तुम्ही कसे आहात?' हे खरोखरचं अनेकवचन, त्यात आदर आपोआप फुकट मिळतो. पण वाढदिवस काही दोघांचा एका दिवशी येत नाही.

मध्यंतरी आजोबांनी रोमन लिपीत टाइप करायला सुरुवात केली, नातवाला वाचायला सोपं जावं म्हणून. एका रात्री त्यांनी विचारलं, 'June madhye yeu ka?' चिरंजीव गेममध्ये होते. अमेरिकन मुलं होकारार्थी जे दोन अक्षरी पुटपुटतात तेच त्यांनी न बघता टाइप केलं:

ya

नाशकात आनंदीआनंद झाला. ना 'ये', ना 'येस'. स्वच्छ, शुद्ध, आदरार्थी 'या'. आजोबांनी तो मेसेज घरच्या ग्रुपवर टाकला, वर लिहिलं, 'नातवाला व्याकरण आलं.' काकांनी हात जोडले, आत्याने फुलं पाठवली. मी खुलासा करणार होतो, पण बायकोने डोळ्यांनी गप्प बसवलं.

आजोबांनी पुढचा प्रश्न टाकला, 'Aajila pan aanu ka?'

ya

यावर पाच मिनिटं शांतता. मग आजीचा फोन, थेट माझ्या बायकोला. "मला 'या' म्हणतो गं तो. आजोबांना म्हणू दे. मी काय परकी आहे का?"