चुकून जास्त गेले, ताई

ऊसतोडीची उचल म्हणजे काय, हे आपल्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. हंगामाआधी मुकादम पैसे देतो, मग टोळी कारखान्यावर जाते. या उचलीने किती घरं बांधून ठेवली, तो वेगळा आणि कडू विषय आहे. पण त्या व्यवहारातही पैसा निघतो मालकाकडून आणि पोचतो मजुराकडे. कोयत्याला काम मिळावं म्हणून मजुराने आधी कारखान्याला पैसे भरले, असं कुणी सांगितलं तर नळदुर्ग ते उमरगा एकही माणूस विश्वास ठेवणार नाही.

आणि त्याच घरातली शिकलेली पोर मोबाईलवर टायपिंगचं काम मिळालं म्हणून नऊशे रुपये ‘रजिस्ट्रेशन’ भरते. काम नवं आहे, त्यामुळे त्याची रीतही नवी असेल, असं तिला वाटतं. रीत नवी नाही. काम करणाऱ्याकडून कामाआधी पैसे मागणारा काम देणारा नसतो. त्याने त्याला रजिस्ट्रेशन म्हणावं, सिक्युरिटी डिपॉझिट म्हणावं, सॉफ्टवेअरची फी म्हणावं, नाहीतर जीएसटी म्हणावं. नऊशे भरले की बावीसशे मागतात, बावीसशे भरले की ‘हे भरलं की आधीचे परत’ म्हणतात. हा प्रकार आता बऱ्याच जणांना ओळखू येतो. म्हणून आज मला दुसऱ्याच प्रकाराबद्दल लिहायचं आहे. त्यात पैसा आधी तुमच्याकडे येतो, निदान तसं दिसतं. उचलीची खूण तिथे चालेनाशी होते.

समजा, जळकोटमध्ये हायवेपासून चार घरं आत राहणारी एक मुलगी आहे. मराठी टायपिंग चांगलं येतं, डीटीपीचा कोर्स झाला आहे, घरात जुना लॅपटॉप आहे. तिने एका ग्रुपवर आपला नंबर टाकला. दुसऱ्या दिवशी पुण्याचा म्हणवणाऱ्या एका माणसाचा व्हॉट्सअॅप मेसेज आला : वडिलांच्या आठवणींची हस्तलिखित वही आहे, शंभर पानं, टाइप करून हवीत. तिने पानाला तीस रुपये सांगितले, एकूण तीन हजार. तो लगेच ‘ओके’ म्हणाला.

इथेच जरा थांबा. ज्याला खरंच पुस्तक करायचं असतं तो पानाचा आकार विचारतो. युनिकोड की श्रीलिपी, प्रुफं कोण वाचणार, हे विचारतो. नमुन्याला एक पान करून मागतो. आणि पंचवीसला होईल का, हेही विचारतोच. आपल्याकडे घासाघीस न करता ठरलेला सौदा विरळाच. या माणसाने कामाबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. विचारलं ते एवढंच : तुमचं खातं कुठल्या बँकेत आहे, फोन पे चालतं का. ज्याला कामाची चौकशी नाही आणि खात्याची आहे, त्याचं काम तुमच्या खात्याशी आहे.

संध्याकाळी त्याने कळवलं की पूर्ण पैसे आधीच पाठवतो. मिनिटभरात मोबाईल वाजला :

```
Dear Customer, your A/c XX4127 is credited
by Rs.30000.00. Thank you for banking with us.
```

लगेच फोन. ‘ताई, घोटाळा झाला. एक शून्य जास्त पडलं. तीन हजार तुमचे ठेवा, सत्तावीस परत करा. बायको दवाखान्यात आहे, डिपॉझिट भरायचंय, दहा मिनिटांत करा ना.’ मागून दवाखान्यासारखा गलकाही ऐकू येतो.

पोलिसांच्या पोस्टरवर लिहिलेलं असतं, लोभाला बळी पडू नका. मला हे वाक्य दरवेळी खटकतं. या मुलीला लोभ कुठे आहे? लोभी असती तर तीस हजार दाबून बसली असती आणि वाचली असती. ती फसते, कारण परक्याचा पैसा घरात ठेवायचा नाही हे तिला आईने शिकवलं आहे. ही फसवणूक प्रामाणिकपणावरच बेतलेली आहे. म्हणूनच फसलेल्याला ‘हाव नडली’ म्हणणं म्हणजे त्याला दुसऱ्यांदा मारणं आहे. या एका टोमण्याच्या भीतीने पोरं आठ-आठ दिवस घरी सांगत नाहीत, आणि त्या आठ दिवसांत पैसा हाताबाहेर जातो.

आता तो मेसेज पाहा. बँकेचा मेसेज दहा आकडी मोबाईल नंबरवरून येत नाही. पाठवणाऱ्याच्या जागी इंग्रजी अक्षरांचं नाव असतं आणि आता त्याच्या शेवटी `-S` किंवा `-T` अशी खूणही असते. हा मेसेज साध्या नंबरवरून आला होता, म्हणजे त्या माणसानेच हाताने लिहून पाठवला होता. पण नुसतं नाव बरोबर दिसलं म्हणूनही विसंबू नका. मेसेज हा पैसा नव्हे, स्क्रीनशॉट तर नव्हेच. फोन कापायचा, बँकेचं स्वतःचं अॅप उघडायचं, शिल्लक पाहायची. काल अकराशे चाळीस होते आणि आजही अकराशे चाळीसच असतील, तर काहीही आलेलं नाही. परत करण्यासारखं काही नाहीच.

काही जण इथे क्यूआर कोड पाठवतात. ‘हा स्कॅन करा, पिन टाका, म्हणजे अडकलेले पैसे जमा होतील.’ यूपीआयचा पिन हा पैसे देताना लागतो (शिल्लक पाहतानाही लागतो), घेताना कधीच लागत नाही. पूर्वी हे लोक थेट पैशांची ‘रिक्वेस्ट’ पाठवत. माणसामाणसांतली ती सोय एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. तो दरवाजा मिटला, क्यूआरचा उघडा आहे.

आता उलट समजा, मेसेज बँकेच्याच नावाने आला, अॅपमध्ये पाहिलं आणि शिल्लक खरोखर एकतीस हजार एकशे चाळीस निघाली. आता काय? मेसेज खरा, पैसे खरे. शंका घेतली म्हणून आपलीच आपल्याला लाज वाटते. आणि सगळ्यात मोठा खड्डा इथेच आहे.

मूळचा हा खेळ परदेशातला, चेकचा. जास्त रकमेचा चेक यायचा, नियमाप्रमाणे एक-दोन दिवसांत रक्कम खात्यात वापरता यायची, माणूस वरची रक्कम परत पाठवायचा आणि काही आठवड्यांनी चेक खोटा म्हणून परतायचा. बँक सगळी वसुली त्याच्याकडून करायची. यूपीआयला असा उशीर नाही, आलेला पैसा येतोच. म्हणून आपल्याकडे याने दुसरं रूप घेतलं. येणारे तीस हजार खरे असतात, पण ते त्या ‘पुण्याच्या’ माणसाचे नसतात. ते दुसऱ्याच एखाद्या फसलेल्या माणसाच्या खात्यातून निघालेले असतात. नागपूरचा निवृत्त शिक्षक असेल, केरळमधली एखादी नर्स असेल. चोराला तो पैसा स्वतःच्या नावावर घ्यायचा नसतो. त्याला मधे एक स्वच्छ खातं हवं असतं. जळकोटच्या मुलीचं खातं त्याच कामाला लागतं, आणि वरचे तीन हजार ही तिला न सांगता दिलेली मजुरी ठरते.

त्या शिक्षकाने तक्रार केली की पोलीस पैशाची वाट काढत निघतात. त्या वाटेवरचं पहिलं नाव असतं आपल्या मुलीचं. बँकेला पत्र येतं, कधी तेवढ्या रकमेवर रोक लागते, कधी अख्खं खातं गोठतं. वडिलांचे सोयाबीनचे पैसे त्याच खात्यात असतील तर तेही अडकतात. पत्र पाठवणारं पोलीस ठाणं दुसऱ्या राज्यात असू शकतं. ‘मी परत केले’ हे तिचं म्हणणं खरंच असतं, पण परत केले कुणाला? ज्याच्या खात्यातून आले त्याला नाहीत, फोनवरच्याने दिलेल्या दुसऱ्याच नंबरला.

ओळखायची जागा नेमकी ही आहे. खरोखर चुकून पैसे पाठवणाऱ्याला ते आले त्याच खात्यात परत गेले तरी चालतं. चोराला ते चालत नाही. तो म्हणेल, ‘ते खातं बंद पडलंय, लिमिट संपलंय, भावाच्या नंबरवर टाका.’ नंबर बदलला की विषय संपला.

मग आलेले पैसे तसेच ठेवायचे? ठेवायचे, पण खर्चायचे नाहीत आणि स्वतः हलवायचेही नाहीत. बँकेच्या शाखेत जायचं आणि साध्या कागदावर अर्ज द्यायचा : अमुक तारखेला, अमुक वाजता, या बारा आकडी व्यवहार क्रमांकाने अनोळखी रक्कम आली आहे, ती मूळ खात्यात परत करावी. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यायची. व्हॉट्सअॅपवरचं बोलणं पुसायचं नाही. उद्या विचारणा झाली तर तो शिक्का आणि ते बोलणं, एवढंच हातात असणार आहे.

आणि सत्तावीस हजार आधीच गेले असतील, तर रडायच्या आधी १९३० ला फोन. तोच व्यवहार क्रमांक सांगायचा. पैसा पुढच्या खात्यात अजून पडून असेल तर बँक तो तिथे अडवू शकते, पण तो तासाभरातही चार खाती ओलांडून एटीएममधून निघून गेलेला असू शकतो. तक्रार cybercrime.gov.in वरही नोंदवता येते. बँक भरपाई देईल या आशेवर मात्र राहू नका. पिन तुम्ही स्वतः टाकलेला असतो, आणि अशा व्यवहारात तुमची बाजू दुबळी पडते.

आधी थोडे पैसे खरे येणं हा आता नेहमीचा डाव झाला आहे. घरबसल्या ‘टास्क’ देणारे पहिले दीडशे रुपये खरेच देतात, मग पुढच्या कामासाठी हजार भरायला लावतात. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने गुंतवणूक आणि अर्धवेळ कामाच्या नावाने असे उद्योग करणाऱ्या शंभराहून जास्त वेबसाइट एकदम बंद केल्या. नावं बदलून दुसऱ्या निघतात.

म्हणून सौदा ठरतानाच आपण आपली उचल मागावी. तीन हजारांच्या कामाला साडेसातशे आधी, एक पान नमुना म्हणून फुकट, बाकीचे पंचवीस-पंचवीस पानांच्या हप्त्याने. नवं पोर हे मागायला लाजतं. चांगलं गिऱ्हाईकही कधी नाही म्हणतं, हे खरं आहे. पण हप्ता ठरला की ‘एक शून्य जास्त पडलं’ या गोष्टीला जागाच उरत नाही, कारण साडेसातशेच्या जागी तीस हजार कुणी चुकून पाठवत नाही.

त्या मुलीने फोनवरच्या माणसाला काय सांगायचं, तेही लिहून ठेवतो. शिव्या द्यायच्या नाहीत, वाद घालायचा नाही. एवढाच मेसेज टाकायचा : ‘दादा, पैसे बँकेत दाखवलेत, अर्ज दिलाय. ज्या खात्यातून आले त्याच खात्यात बँक परत पाठवील. वहीची पहिली दहा पानं पाठवा, काम सुरू करते.’ वही खरी असेल तर पानं येतील. नसेल तर थोड्याच वेळात त्या नंबरचा फोटो दिसेनासा होईल.