रडण्याचं वेळापत्रक

पालकहो,

सोमवारपासून बालवर्ग सुरू होतोय. मुलांची तयारी झालेली दिसते. नवी दप्तरं लावून ती घरभर हिंडताहेत असं कळतं. काळजी तुमची आहे, म्हणून हे पत्र.

पहिले तीन दिवस मुलासोबत घरातल्या एका मोठ्या माणसाने वर्गात तासभर बसायचं आहे. रोज तेच माणूस हवं. कोपऱ्यात सतरंजी घातलेली असेल, तिथे बसून राहायचं. मूल आलं तर जवळ घ्यायचं, पण ‘जा, खेळ जा’ म्हणून ढकलायचं नाही आणि आपणही खेळायला उठायचं नाही. हे दुसरं कलम बाबालोकांसाठी आहे. ठोकळे दिसले की त्यांना इमारती सुचतात आणि मूल बाजूला उभं राहून बघत बसतं.

चौथ्या दिवशी पहिला निरोप. ही पद्धत बर्लिनमधल्या शिशुशाळांत रुळलेली आहे आणि तिथेही हा पहिला निरोप सोमवारी घेत नाहीत. दोन दिवस घरी लोळल्यावर शाळा पुन्हा परकी होते, हे जर्मन मुलांनाही चुकलेलं नाही. आपला चौथा दिवस गुरुवारी येतो. त्या दिवशी मुलाला सांगून बाहेर व्हरांड्यात जायचं. रडू थोड्या वेळात आमच्या कडेवर थांबलं, तर बाहेरचा मुक्काम अर्ध्या तासापर्यंत वाढवायचा. थांबत नसेल तर आम्ही लगेच आत बोलावू आणि आणखी काही दिवस सतरंजी. यात कुणी नापास होत नाही.

मागच्या वर्षी एक आजोबा नातीला घेऊन यायचे. बाई तीन वर्षांच्या, करारी. एका हाताने मातीचे लाडू वळायच्या, दुसऱ्या हातात आजोबांच्या सदऱ्याचं टोक. तिसऱ्या दिवशी सदरा सुटला. गुरुवारी आजोबा ‘येतो गं’ म्हणून गेले, ती रडली, कडेवर आली, खिडकीतली खार बघून गप्प झाली. सगळं रीतसर चाललं होतं. पण तिचं ते रडं आजोबांच्या जिव्हारी लागलं. सोमवारी ‘ती बघ मनीमाऊ’ म्हणून त्यांनी तिचं तोंड फिरवलं आणि स्वतः पसार झाले. त्या दिवशी ती फारशी रडली नाही, त्यामुळे आजोबा खूश होते. मंगळवारपासून मात्र ती दाराकडे तोंड करून बसू लागली. खाऊचा डबा उघडेना, लघवीला जाईना, व्हरांड्यात चप्पल वाजली की उठून उभी. मान वळवली की माणूस नाहीसं होतं हे तिला कळलं होतं, मग मान वळवायची कुणी? पुन्हा सतरंजी घातली आणि पहिल्या दिवसापासून सुरुवात केली. तिसऱ्या आठवड्यात ती स्वतःच आजोबांना म्हणाली, ‘तुम्ही जा, तुम्हाला चहा प्यायचाय.’

म्हणून विनंती एवढीच, की पळून जाऊ नका. एक पापा, एक वाक्य, आणि निघा. वाक्यात घड्याळ नको. ‘साडेअकराला येते’ हे तीन वर्षांच्या माणसाला कळत नाही. ‘खाऊ झाला, हात धुतले, गाणं झालं की आई येते’ हे कळतं. आणि गाणं संपताना खरोखर दारात उभं राहायचं. निरोपाचा दुसरा, तिसरा प्रयोग लावू नका. दारातून परत येऊन पाणावल्या डोळ्यांनी ‘राहशील ना रे?’ विचारलं, तर मूल विचारात पडतं की इथे नक्की काय होणार आहे. रडलं नाहीस तर चॉकलेट, हा सौदाही नको. रडणं हा गुन्हा नाही.

काही मुलं पहिला आठवडा हसत काढतात आणि दुसऱ्या आठवड्यात भोंगा लावतात. शाळा रोजची आहे ही बातमी त्यांना तेव्हा लागलेली असते. गणपतीच्या सुट्टीनंतरही पुन्हा थोडं रडं होईल. काहींना दिवसभर काही होत नाही, आणि न्यायला आलेल्या आईला बघताच हुंदका फुटतो. त्यावरून आम्ही मारलं असा निष्कर्ष काढू नका. हक्काचं माणूस दिसल्यावर आपणही असंच करतो.

मला धास्ती वाटते ती न रडणाऱ्या, न खेळणाऱ्या, न खाणाऱ्या गप्प मुलाची. तसं काही दिसलं, किंवा चार-पाच आठवड्यांनंतरही मूल कुणाच्याच कडेवर शांत होत नसेल, तर मी तुम्हाला बोलावून घेईन. तेव्हा ‘घरी तर छान असतो’ एवढ्यावर थांबू नका. झोप, दुखणंखुपणं, घरातले बदल, सगळं सांगा.

सोमवारी नऊ वाजता या. जादा चड्डी आणा, आणि झोपताना आईच्या जुन्या ओढणीचं टोक लागत असेल तर तेही द्या, आम्ही हसणार नाही. निरोप घेतल्यावर खिडकीखालच्या कट्ट्यावर मात्र बसू नका. आतून तुमची डोकी दिसतात.

तुमच्या मुलांची,
ताई