पाजी, जोड्यानं या

आमच्या बीडकडं धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे प्रति-विठ्ठल. अधिक मास तीन वर्षांनी एकदा येतो, त्यामुळे जावयाची भूकही तेवढीच साठलेली असते. 2023 साली श्रावण अधिक आला, तेव्हा माजलगावच्या दाजींना आवतन देण्याचं काम घरच्यांनी माझ्यावर टाकलं. मी मोटारसायकलवर होतो. घरच्यांच्या ग्रुपवर कीबोर्डवरचं माइकचं बटण दाबलं आणि म्हणालो, "दाजी, धोंड्याच्या जेवणाला जोडीनं या. वाट पाहायलोत."

फोननं लिहिलं, "पाजी, धोंड्याच्या जेवणाला जोड्यानं या. वाट लावलीत."

आणि मी न वाचता पाठवून दिलं.

यात फोनचा अगदीच दोष नाही. बोलून लिहिणारं यंत्र आपलं ऐकून घेतं, पण लिहितं ते त्याला जास्त संभवनीय वाटेल ते. त्यानं आजवर जो मजकूर वाचला, त्यातले शब्द आधी पुढं करतं. आता "पाहायलोत" छापील मजकुरात किती वेळा येतं? पुण्याचे लोक "पाहतोय" लिहितात, आम्ही बोलतो "पाहायलोत" आणि लिहिताना आम्हीही लाजून "पाहतोय"च लिहितो. मग यंत्राला आमची बोली कळावी कुठून? "वाट"नंतर काही तरी आलं एवढं त्याला समजलं, बाकी त्यानं अंदाजानं भागवलं. आपले तलाठीही सातबाऱ्यावर हेच करतात, पण त्यांना कुणी अपडेट मागत नाही.

मला चूक कळली ती अर्ध्या तासानं, चहाच्या टपरीवर. मग मी घाबरलेला माणूस जे करतो तेच केलं. संदेश सगळ्यांसाठी डिलीट केला. ही सोय दोन दिवसांहून थोडी जास्त मुदत देते, पण मागं खूण ठेवते. संदेश काढून टाकल्याची ओळ सगळ्यांना दिसते. घरच्यांच्या ग्रुपवर असं काही दिसलं की ज्यानं वाचलं नाही तो वाचलेल्याला फोन करतो. दाजींच्या धाकट्या भावानं ते नोटिफिकेशनमध्येच वाचलं होतं. दहा मिनिटांत धारूर, केज, परळीपर्यंत सगळ्या सोयऱ्यांना कळलं की मी दाजींना जोडे दाखवले.

दुसरी चूक त्याहून मोठी. माफीही मी बोलूनच पाठवली. "दाजी, माफ करा"चं "दाजी, साफ करा" झालं.

आता शहाणपण आलंय, म्हणून सांगतो. पाठवलेल्या संदेशावर बोट दाबून ठेवा आणि Info उघडा. ग्रुपमध्ये कुणी वाचलं, हे तिथं नावासकट दिसतं. पंधरा मिनिटं झाली नसतील आणि ज्याला लागायचं त्यानं वाचलं नसेल, तर डिलीट करू नका, Edit करा. ही सोय त्याच 2023च्या मे महिन्यात आली होती, माझ्या धोंड्याच्या दोनच महिने आधी, पण मला तेव्हा माहीत नव्हती. संदेश बदलल्याची छोटी खूण राहते, पण पुन्हा घंटी वाजत नाही, आणि "पाजी"चा "दाजी" झालेला माणूस खूण बघत बसत नाही.

ज्यानं वाचलंय, त्याच्याशी मात्र लिहून बोलूच नका. लगेच फोन लावा. आपल्याकडं रुसवा हा आवाजानंच निघतो, इमोजीनं नाही. आणि स्पष्टीकरण एका वाक्यात उरका. मी "नेटवर्क, वारा, रस्त्यावरचे खड्डे" अशी लांबण लावत गेलो, तसं दाजींना खात्री पटत गेली की मनात काहीतरी होतंच. शेवटी मीच हसत म्हणालो, "दाजी, फोननं तुमचा पाजी केला, आम्ही नाही. जोडीनं या." पलीकडं जरा शांतता, मग आवाज आला, "पाव्हणं, ते सगळं ठीक. पण जोडे नवे घालावं का जुने?"

मग सुटलो. त्यानंतर हातानं टाइप करून नीट आवतन ग्रुपवर टाकलं, कारण ज्या चावडीवर अपमान झाला, मान तिथंच द्यावा लागतो.

कीबोर्डच्या Personal dictionary मध्ये "दाजी", "आवतन", "व्याही" हे शब्द घालून ठेवले आहेत. त्याचा उपयोग हातानं टाइप करताना होतो. माइक त्यातलं किती ऐकतो, याच्यावर मी पैज लावणार नाही. "व्याही" घालायचं कारण वेगळं: एका मित्रानं कंपनीतल्या सुट्टीच्या अर्जात "घरी व्याधी आले आहेत" असं लिहिलं होतं. सुट्टी लगेच मिळाली.

दाजी जोडीनं आले. ताटभर धोंडे खाल्ले, तेहतीस अनारसे बांधून घेतले आणि उंबऱ्याबाहेर काढलेले जोडे मला दाखवून घातले. त्यांच्या फोनमध्ये माझा नंबर अजून "जोडेवाले" याच नावानं आहे.