कोडापेक्षा भाऊ मोठे

मंडळाच्या वर्गणीच्या फ्लेक्सचे दोन नमुने आले. पहिल्यात भाऊंसह ११ चेहरे आणि कोपऱ्यात ८ सेंटिमीटरचा, केशरीवर सोनेरी क्यूआर कोड. कोड त्याच्या रुंदीच्या साधारण दहापट अंतरावरून वाचता येतो. म्हणजे मोबाईल ८० सेंटिमीटरवर न्यायचा, आणि फ्लेक्स तर विजेच्या खांबावर! त्यात रंगांमध्ये उठावच नाही, कॅमेऱ्याने ठिपके ओळखायचे कसे? दुसऱ्यात पांढऱ्यावर काळा, ३० सेंटिमीटरचा कोड, भोवती कोडातल्या चार ठिपक्यांएवढी कोरी किनार. रस्त्यापलीकडून, ३ मीटरवरून, झटकन वाचला गेला. समितीने तोच नाकारला. एवढी कोरी जागा वाया का घालवायची? तिथे दोन उपाध्यक्ष सहज मावतात. देणगीदारांसाठी शिडी मागवली आहे. तिच्यावरही भाऊंचा फोटो लागणार आहे.