लावणीसम्राज्ञीचा राजीनामा

प्रति,
सौ. मोठ्या आत्या, ॲडमिन,
'आपलीच माणसं, नाणे मावळ' (कुटुंबाचा व्हॉट्सॲप ग्रुप)

विषय: ग्रुपच्या सदस्यत्वाचा राजीनामा मिळणेबाबत, म्हणजे माझा, म्हणजे मी देत असलेला.

माननीय महोदया,

वरील विषयास अनुसरून सविनय कळवितो की, आपल्या ग्रुपमधून मी आज स्वखुशीने बाहेर पडत आहे. 'स्वखुशीने' हा शब्द रीत म्हणून लिहिला आहे. खरं कारण आपणास ठाऊक आहे, तळेगावच्या धाकट्या काकूंना ठाऊक आहे आणि अलीकडे कामशेत स्टेशनबाहेरच्या वडापवाल्यालाही ठाऊक झालं आहे. त्याने परवा मला पुढच्या सीटवर बसवताना "या, सम्राज्ञी" म्हटलं. मी त्याला ओळखत नाही.

प्रकरण मुळापासून मांडतो, कारण ग्रुपवर त्याचा इतिहास रोज नव्याने लिहिला जातो. आषाढात आपल्या खालच्या खाचरात भाताची लावणी चालली होती. पाऊस असा की बांध दिसेना. माझा रेनकोट काखेत फाटला होता. तेव्हा आपणच, आत्या, ओटीवरून आपला जांभळ्या फुलांचा रेनकोट माझ्याकडे फेकलात आणि म्हणालात, "घाल रे, भिजशील." मी घातला. हातात रोपांची मूठ, पाय गुडघाभर चिखलात आणि चेहऱ्यावर कंबर दुखणाऱ्या माणसाचा भाव. त्याच क्षणी भाच्याने फोटो काढला.

इथपर्यंत तक्रार नाही. फोटोत सगळे होते. दादाने युरियाच्या पोत्याची खोळ पांघरली होती, काकांच्या डोक्यावर दुधाची पिशवी बांधलेली होती आणि वहिनींनी शाळेतल्या पोराचा रेनकोट अर्धवट चढवला होता. त्या फोटोकडे पाहून कुणालाही कळलं असतं की पावसात मावळातला माणूस हाताला येईल ते अंगावर घेतो. पण भाच्याने त्याचं स्टिकर केलं. स्टिकर करताना फोन माणसाची कड ओळखून तेवढाच भाग कापतो आणि बाकीचं पुसून टाकतो. तसं खाचर गेलं, पाऊस गेला, खोळ आणि दुधाची पिशवी गेली. उरलो एकटा मी, फुलाफुलांच्या रेनकोटात, हात पुढे करून जरा वाकलेला. खाली त्याने लिहिलं, 'लावणीसम्राज्ञी'. कोटी चांगली आहे, हे मी आजही मान्य करतो.

पहिल्या दिवशी मीच सगळ्यात मोठ्याने हसलो. घरात चेष्टा आपल्याला नवी नाही. लहानपणी ओटीवर बसून तात्यांनी माझ्या कानांवर जे बोलून ठेवलंय ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण ओटीवरची चेष्टा थांबायची. कुणीतरी चहा आणायचं, विषय गावच्या जत्रेवर जायचा. माझं तोंड पडलेलं दिसलं की आजी आतून म्हणायची, "बास आता, त्याला जेवू द्या." आणि मुख्य म्हणजे चेष्टा करणारी माणसं दमायची. रात्री सगळे झोपायचे.

ग्रुप झोपत नाही, आत्या. तिथे पाळ्या लागतात. पहाटे तात्या उठतात, सुप्रभात म्हणतात आणि खाली स्टिकर लावतात. दुपारी जेवणं उरकल्यावर काकू आणि वहिनींची पाळी. संध्याकाळी दादा शिवाजीनगरला लोणावळा लोकल पकडतो. चिंचवडपर्यंत त्याला उभं राहायलाही जागा नसते, म्हणून शांतता. तळेगावला गाडी रिकामी होते, त्याला खिडकी मिळते, आणि वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली असा एकेक स्टेशनागणिक माझा उद्धार होत जातो. मी जेवून आडवा होतो तेव्हा न्यू जर्सीत धाकट्याची जेवणाची सुट्टी सुरू होते. दिवसभरातलं सगळं तो तेव्हा वाचतो आणि ज्यावर दुपारी हसून झालेलं असतं त्यावर पुन्हा पहिल्यापासून हसतो. त्याचं संपेपर्यंत तात्यांची पहाट होते. यात एकटा कुणीच फार त्रास देत नाही. प्रत्येकजण दिवसातून एकदाच, प्रेमानेच, थोडंसं चिडवतो. चोवीस तास भरतात ते माझे.

म्यूट कर, असं आपण सुचवलंत. व्हॉट्सॲपने 2020 पासून ग्रुप कायमचा मुका करण्याची सोय दिली आहे, तीही वापरली. पण म्यूट केलेल्या ग्रुपमध्ये कुणी आपल्या नावापुढे ॲटचं चिन्ह लावलं, किंवा आपल्या जुन्या मेसेजला धरून उत्तर दिलं, तर फोन तरीही वाजतो. ही गोष्ट ग्रुपवर कळायला अर्धा दिवस लागला. तेव्हापासून माझं नाव घेतल्याशिवाय कुणी पावसाची बातमीही देत नाही. भुशी धरण भरून वाहू लागलं, @मी. लोणावळ्यात घाटाखाली ढग उतरले, @मी. इंद्रायणी तांदळाचा भाव वाढला, तरी @मी. जाता जाता सांगतो, तो तांदूळ आणि मी एकाच सालचे. वडगावच्या भात संशोधन केंद्रातून तो 1987 साली बाहेर पडला. त्याच्या चिकटपणाचं आजवर कौतुकच झालं. माझं वेगळं.

मग मी म्हटलं, निदान ते मूळ स्टिकर तरी उडवा. भाचा चांगला मुलगा आहे, त्याने लगेच 'डिलीट फॉर एव्हरीवन' दाबायला घेतलं. तो पर्याय मेसेज पाठवल्यापासून साधारण अडीच दिवसच मिळतो आणि अडीच दिवस केव्हाच उलटून गेले होते. उडवता आलं असतं तरी एक मेसेज उडाला असता. स्टिकर ज्याने ज्याने आपल्या आवडत्यांत साठवलं, त्याच्या फोनमध्ये ते त्याचं स्वतःचं झालं. तिथून ते ताईच्या सासरच्या ग्रुपवर गेलं, तिच्या दिरांकडून दूध संकलनाच्या ग्रुपवर गेलं, आणि वडापवाल्यापर्यंतचा प्रवास माझ्या मते दुधाच्या मार्गानेच झाला असावा.

तरी मी राहिलो असतो. पण गेल्या महिन्यात पवन मावळातल्या आजोबांच्या दहाव्याची वेळ आणि ठिकाण तात्यांनी ग्रुपवर टाकलं. खाली एकामागून एक हात जोडलेले येत होते आणि त्या ओळीत मध्येच मी उगवलो, फुलाफुलांच्या रेनकोटात, वाकून. तात्यांचं बोट चुकलं होतं, हे मला मान्य आहे. स्टिकर सगळ्यात जास्त वापरलेलं असलं की तेच पहिल्या जागी येतं. पण त्यानंतर तीन जणांनी त्यालाही हात जोडले.

आता कायद्याचं. आपण नेहमी म्हणता, "मी नुसती ॲडमिन, कोण काय टाकतं ते माझ्या हातात आहे का?" या वाक्याला आधार आहे, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. गोंदिया जिल्ह्यातल्या एका ग्रुपच्या ॲडमिनवर, दुसऱ्या सदस्याच्या आक्षेपार्ह मेसेजबद्दल गुन्हा दाखल झाला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो मार्च 2021 मध्ये रद्द केला. सदस्यांना घेणं आणि काढणं एवढाच ॲडमिनचा अधिकार, मेसेज जाण्याआधी तो अडवू शकत नाही, म्हणून दोघांचा समान हेतू दिसल्याशिवाय ॲडमिनला दोषी धरता येणार नाही, असं त्याचं सार. निकाल योग्यच आहे. पण आत्या, पुढच्याच वर्षी व्हॉट्सॲपने ॲडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी उडवण्याची सोय दिली. दहाव्याच्या दिवशी ती दोन टिचक्यांच्या अंतरावर होती. समान हेतूबद्दल म्हणाल, तर त्या स्टिकरवर पहिला हसणारा चेहरा आपला आहे आणि रेनकोटही आपलाच.

राहिला प्रश्न पत्राचा. पूर्वी कुणी ग्रुप सोडला की 'अमुक बाहेर पडले' अशी ओळ सगळ्यांना दिसायची आणि मागोमाग 'काय झालं रे?' सुरू व्हायचं. ऑगस्ट 2022 पासून गुपचूप सोडता येतं, कळतं ते फक्त ॲडमिनला. म्हणजे आपल्या बाबतीत ते फक्त आपल्याला, आणि म्हणून पाच मिनिटांत देहूरोडपासून न्यू जर्सीपर्यंत सगळ्यांना कळणार. शिवाय गेल्या साठ दिवसांत कोण गेलं याची यादी सदस्यांच्या नावांखाली कुणीही उघडून पाहू शकतो. तेव्हा चोरून जाण्यात अर्थ नाही, वाजवूनच जातो.

जबाबदाऱ्यांचं हस्तांतर असं. एकवीरेच्या अभिषेकाची वर्गणी माझ्याकडे जमा आहे, ती दादाकडे देतो. त्याने स्वतःची अजून दिलेली नाही, तीही त्याच्याकडूनच घ्यावी. कार्ल्याला कोण किती वाजता निघणार, याचं कोष्टक वहिनी करतील. तात्यांना फोनची अक्षरं मोठी करून देणं हे काम भाच्याकडे, शिक्षा म्हणून.

लग्न, बारसं, आजारपण, पाऊस जास्त झाला आणि रस्ता बंद पडला, यांसाठी मला फोन करावा. फोनवर चिडवलं तरी चालेल, तिथे मला उलट बोलता येतं. जेवायला बोलावलं तर मी येणारच आहे. त्यात राजीनामा आड येत नाही.

मला परत ग्रुपमध्ये ओढण्याचा विचार आपल्या मनात आला असेल. ती वाटही बंद केली आहे. आपल्याला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकेल, हे 2019 पासून ज्याचं त्याला ठरवता येतं. सुरुवातीला तिथे 'कुणीच नाही' असा सोपा पर्याय होता. त्याच वर्षी तो काढून 'माझे संपर्क, अमुक सोडून' असा केला. त्यामुळे मला परवा रात्री बसून एकेका नातलगाच्या नावापुढे खूण करावी लागली. आपल्या नावाशी बोट जरा थांबलं होतं, हे नोंदवून ठेवतो.

आता आपण मला फक्त आमंत्रण पाठवू शकता. ते तीन दिवस चालतं, मग आपोआप रद्द होतं. मी ते तीन दिवस उघडणार नाही. चौथ्या दिवशी नवीन पाठवू नये. पाठवायचंच झालं तर संध्याकाळी, दादाची गाडी अजून चिंचवडच्या अलीकडे असताना पाठवावं.

आपला आज्ञाधारक,
भाचा
(हुद्दा आपणास माहीत आहेच)

प्रत माहितीसाठी: तात्या. कृपया उत्तरात स्टिकर पाठवू नये.