माद्रिद-कोर्दोबा व्हाया खामोन

माद्रिदहून कोर्दोबाला वेगवान गाडीनं पावणेदोन तास लागतात. तेवढ्या वेळात मला दोन ओळी तोंडात बसवायच्या होत्या. मित्राचं लग्न कोर्दोबाच्या मुलीशी, आणि वरपक्षातर्फे शुभेच्छा वाचण्याचा मान माझ्याकडे आलेला. चिठ्ठीवर मी देवनागरीत लिहून घेतलं होतं: ‘के सेआइस मुइ फेलिथेस मुचोस आन्योस, इ के नुंका ओस फाल्ते एल खामोन. बीबान लोस नोबिओस!’ म्हणजे, पुष्कळ वर्षं सुखात राहा, घरात हॅम कधी कमी पडू नये, वधूवरांचा जयजयकार असो. वाचणारा शुद्ध शाकाहारी.

त, प, क आपलेच. इंग्रजीसारखी त्यात हवा फुंकायची नाही. ‘मुचोस’चा च चिवड्यातला, चाळीतला नव्हे. व्ही लिहिला तरी उच्चार ब. फेलिथेसमधला ‘थ’ मात्र फसवा. आपला थ हवा अडवून सोडतो; इथे जिभेचं टोक दातांत हलकेच धरून नुसता वारा जाऊ द्यायचा. खामोनचा ख गझलगायकाच्या ‘ख़ुदा’तला, घशात खरवडलेला, आणि जोर ‘मोन’वर.

शेजारच्या आजीबाई बराच वेळ ऐकत होत्या. कोर्दोबाच्याच. त्यांनी चिठ्ठी घेतली आणि माद्रिदमध्ये शिकवलेलं सगळं पुसून टाकलं. त्यांच्या तोंडी थचा स झाला, ‘फेलिसेस’. खचा ह झाला, ‘हामोन’. शब्दाच्या शेवटचे स त्या चक्क गिळत होत्या. आंदालुसियात बऱ्याच ठिकाणी असंच बोलतात. मी मात्र माद्रिदचंच धरून राहायचं ठरवलं. पाहुण्यानं पुस्तकी बोललेलं चालतं, अर्धवट गावरान बोललं की नक्कल वाटते.

एका अक्षरावर मात्र माद्रिद आणि आजीबाई यांचं एकमत होतं. ‘आन्योस’मधल्या न वर एक लाट असते, जिभेचा मधला भाग टाळूला चिकटवून ‘न्य’ म्हणायचं. ती लाट विसरून ‘आनोस’ म्हटलं, तर वर्षांऐवजी शरीराच्या अशा भागाचं अनेकवचन होतं, की जो लग्नात कुणी उच्चारत नाही. आजीबाईंनी तो भाग शब्दांनी नव्हे, सीटकडे बोट दाखवून समजावला.

जेवणाच्या मंडपात मी ‘न्य’वर जरा जास्तच रेंगाळलो, पण वर्षं वर्षंच राहिली. ‘बीबान लोस नोबिओस!’ म्हटल्यावर अख्खा मंडप ‘बीबान!’ म्हणून गरजला. पाठोपाठ टेबलं बडवत आरोळी सुरू झाली, ‘के से बेसेन!’ म्हणजे चुंबन घ्या.

सदाशिव पेठेतून आलेल्या मित्राच्या मावशींनी मला कोपरानं ढोसलं. “काय म्हणताहेत रे सगळे?”

“उखाणा घ्या म्हणताहेत, मावशी.”

मावशी ताडकन उठल्या आणि मुख्य टेबलाकडे पाहून ओरडल्या, “घे की रे मग, लाजतोस काय!”