पाच रकाने आणि एक दाजी

मेहुण्याची सासवडजवळ अंजिराची बाग आहे आणि माझ्याकडे मराठीतली एम. ए. ची पदवी. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही, हे मी सोडून सासुरवाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच उन्हाळ्यातला मीठ्या बहाराचा माल थेट आमच्या पुण्यातल्या सोसायटीत विकायचं ठरलं, तेव्हा मालाची माहिती लिहायचं काम मी अंगावर ओढून घेतलं. जात, प्रत, तोडणी, वजन, टिकवण. पाच रकाने. म्हटलं, चहा निवायच्या आत होईल.

जातीपुढे मी 'पुरंदर सुवर्णमधुरा' असं लिहिलं. मेहुणा वाचून म्हणाला, "दाजी, जात विचारलीय, बारसं नाही घालायचंय." पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं असलं तरी त्याच्या बागेतली झाडं पूना फिगचीच. सुवर्णमधुरा खोडली गेली. मला ते नाव अजूनही आवडतं.

प्रतीचा रकाना मात्र मी फारच मनावर घेतला. 'एक नंबर : पूर्ण पिकलेलं, मधाळ, रसाने किंचित तडकलेलं.' मेहुण्याने कपाळाला हात लावला. बाजारात एक नंबर म्हणजे आकाराने मोठं, सालीला चीर नसलेलं आणि देठासकट फळ. साल तडकली की ते दोन नंबरात. म्हणजे खायला सगळ्यात गोड ते प्रतीत खाली! कारण साधं आहे : तडकलेलं फळ दिवे घाट उतरेपर्यंत डब्यात बसून आंबायला लागतं.

तोडणीपुढे मी 'पहाटे' लिहिलं आणि त्याला जागायला म्हणून स्वतःही पहाटे बागेत गेलो. कच्चं अंजीर तोडून घरात पिकवता येत नाही. ना ते फुगत, ना गोड होत. म्हणून झाडावरच मान नरम होऊन फळ खाली झुकलं की ते देठासकट हलकेच वाकवून काढायचं. मी लिंबू तोडावं तसा झटका दिला. देठ झाडावर राहिला, मानेची साल सोलली गेली आणि फळ दोन नंबरातही बसेना. त्यात देठातून निघणारा पांढरा चीक. इतर सगळे पूर्ण बाह्यांचे शर्ट घालून आले होते, मी मात्र छायाचित्रात शेतकरी दिसावा म्हणून बाह्या दुमडून. दुपारपर्यंत दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत खाजत होते. सासूबाईंनी खोबरेल तेल दिलं आणि एवढंच म्हणाल्या, "लिहिण्यापुरतं ठीक आहे हो तुमचं."

वजनाच्या रकान्यात सोसायटीतल्या एका काकांनी मला गाठलं. मी 'डबा ५०० ग्रॅम' लिहिलं होतं आणि काट्यावर ठेवला होता तो अख्खा डबा, तळाशी अंथरलेल्या अंजिराच्या पानांसकट. काकांनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर फळं वेगळी काढून मोजली तर ४६० ग्रॅम भरली. "या पानांची भाजी करायची असते का?" त्यांनी शांतपणे विचारलं. रिकामा डबा आणि पानं मिळून ४० ग्रॅम मी अंजिराच्या भावाने विकली होती. आता डबा आणि पानं आधी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणतो, मगच फळं भरतो. वर एखादं फळ जादाही टाकतो, कारण सुटं ठेवलेलं अंजीर सुकत जातं आणि वजनात उतरतं.

पण खरा घात केला टिकवणीने. मी कुठेतरी वाचून 'फ्रिजमध्ये ७ दिवस' असं ठोकून दिलं. तो आकडा खोटा नव्हता. तो शून्य अंशाच्या आसपासच्या शीतगृहाचा होता. घरचा फ्रिज एवढा गार नसतो, आणि पाहुणे आले की त्याचं दार दिवसभर उघडंच. तिसऱ्या दिवशी फोन सुरू झाले : फळाच्या बुडाच्या डोळ्यातून रस गळतोय, आंबूस वास येतोय, चिलटं घोंगावतायत. ही तिन्ही लक्षणं दिसली की ते अंजीर टाकायचं, एवढं मी आता झोपेतही सांगू शकतो. पैसे परत केले ते माझ्या खिशातून. बायकोने त्याची नोंद 'साहित्यसेवा' या सदराखाली केली.

सध्याची जाहिरात मेहुण्याने लिहिली आहे : 'पूना फिग, मीठा बहार. एक नंबर, चीर नाही. आज पहाटेची तोडणी. निव्वळ ५०० ग्रॅम. बाहेर ठेवल्यास उद्यापर्यंत, फ्रिजमध्ये परवापर्यंत.' एकही विशेषण नाही, आणि दुपारच्या आत माल संपतो.

तुम्ही कधी बागेवरच पोहोचलात, तर मात्र एक नंबर मागू नका. तडकलेलं मागा. स्वस्तात मिळतं, आणि तिथेच उभ्याने खायचं असतं.